थर्मास की साधी बाटली? पेटीच्या फोटोवरून माल ओळखण्याचं एक प्रकरण

मी न्हावा शेवा बंदराच्या कामात बरीच वर्षं क्लिअरिंग एजंटाकडे होतो. आता ते काम सोडलं, तरी ओळखीचे दुकानदार आयात मालाचे फोटो पाठवून विचारतात, "काका, यात नक्की काय आहे?" त्यातलंच हे एक प्रकरण. दुकानदाराचं नाव, पेटीवरचा मार्का आणि मालाचा नंबर बदलले आहेत. विकणाऱ्याची ओळख पटेल असं काही दिलेलं नाही. वजनं, मापं आणि घडलेला क्रम मात्र जसाच्या तसा आहे.

## पार्श्वभूमी

राजूभाऊंचं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भांड्यांचं आणि भेटवस्तूंचं दुकान आहे. दिवाळीच्या दोन महिने आधी गावातल्या पतसंस्थेने त्यांना विचारलं की सभासदांना द्यायला १,५०० स्टीलचे थर्मास मिळतील का. अर्ध्या लिटरचे, चहा गरम राहील असे आणि वर संस्थेचं नाव छापलेले. राजूभाऊंनी छपाई आणि कर धरून नगाला २९० रुपये भाव दिला आणि संस्थेने तो मान्य केला.

मग स्वस्त मालाचा शोध सुरू झाला. मुंबईच्या एका ओळखीतून भिवंडीतल्या गोडाऊनचा एक लॉटवाला मिळाला. त्याच्याकडे आयात बाटल्यांच्या ३० पेट्या होत्या, पेटीत ५० नग, म्हणजे बरोबर १,५०० नग. भाव १८५ रुपये, सगळा लॉट एकदम उचलायचा. नमुन्याची एक बाटली त्याने कुरिअरने पाठवली. राजूभाऊंनी रात्री तिच्यात उकळतं पाणी भरून ठेवलं. सकाळी ते चांगलं कडक होतं. त्यावर विश्वास ठेवून त्यांनी २०,००० रुपये टोकन पाठवलं आणि पेट्यांचे फोटो मागितले.

टोकन आधी आणि फोटो नंतर, असं झालं होतं. मी प्रकरणात आलो तो त्यानंतर.

## अडचण

व्हॉट्सॲपवर तीन फोटो आले होते. एकात थप्पी होती, एकात पेटीची पुढची बाजू आणि एकात शेजारची बाजू. राजूभाऊंच्या पुतण्याने शेजारच्या बाजूवरची चिनी अक्षरं एका ऑनलाइन शब्दकोशात शोधली आणि सांगितलं, "यात किटली आहे." त्यातच पेटीवर काचेच्या ग्लासाचं चित्र होतं. घरात सगळ्यांचा समज झाला की आपल्याला काचेच्या किटल्या विकल्या जाताहेत. राजूभाऊंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज पार उतरला होता.

ग्लासाच्या चित्राचा उलगडा सोपा होता. ती हाताळणीची खूण असते. पेटी जपून उचला एवढाच तिचा अर्थ. आत काच असो, प्लास्टिक असो वा स्टील, कारखाने ती सर्रास छापतात. छत्रीची खूण म्हणजे पाण्यापासून जपा आणि दोन बाण म्हणजे ही बाजू वर ठेवा. यातली कोणतीच खूण आतला माल सांगत नाही.

किटलीचं प्रकरण मात्र नीट बघायला हवं होतं.

## फोटोत काय होतं

आयात पेटीवर साधारणपणे दोन प्रकारचा मजकूर असतो. पुढच्या आणि मागच्या बाजूला मुख्य मार्का असतो. त्यात माल मागवणाऱ्याची खूण, बंदराचं नाव, पेटीचा नंबर आणि देश एवढं येतं. बंदरावर पेट्या एकमेकांत मिसळल्या तर वेगळ्या करता याव्यात म्हणून तो असतो. मालाबद्दल तो जवळजवळ गप्प असतो. उरलेल्या दोन बाजूंवर मालाचा तपशील असतो. आपल्या कामाची बाजू ती.

फोटोतला मजकूर असा होता. काळ्या चौकोनाच्या जागी पेटीवर पॅकिंगची पिवळी पट्टी आडवी आली होती आणि खालचं अक्षर तिने झाकलं होतं.

```
<RSK-07>
NHAVA SHEVA
C/NO. 61-UP
MADE IN CHINA

货号: XH-750
品名: 不锈钢运动水壶 ■层
颜色: 混色
数量: 50 PCS
G.W.: 9.6 KG
N.W.: 8.2 KG
MEAS: 40×40×54 CM
```

खालच्या भागातली पहिली ओळ मालाचा नंबर देते. हा कारखान्याच्या यादीतला नंबर असतो. दुसऱ्या ओळीत मालाचं नाव, तिसरीत रंग (इथे 'मिश्र रंग'), चौथीत नग. मग पेटीसकट वजन, पेटी वगळून वजन आणि शेवटी पेटीचं माप सेंटिमीटरमध्ये.

नावाची ओळ तुकडे करून वाचली की पहिली तीन अक्षरं 'स्टेनलेस स्टील', पुढची दोन 'खेळ' आणि त्यानंतरची दोन 'पाणी ठेवायचं भांडं'. या शेवटच्या जोडीला शब्दकोशात किटली हाही अर्थ मिळतो आणि पाण्याची बाटली हाही. आधी 'खेळ' हा शब्द असला की ती खेळाडू सोबत नेतात तशी बाटलीच. किटलीची भीती तिथे संपली.

खरा पेच शेवटच्या दोन अक्षरांत होता. त्यातलं दुसरं दिसत होतं आणि त्याचा अर्थ 'थर'. पहिलं पट्टीखाली होतं. बाटलीच्या बाबतीत तिथे सहसा दोनच शब्द येतात:

```
单层
双层
```

वरच्या जोडीचा अर्थ एकेरी थर, खालच्या जोडीचा दुहेरी. चिनी न येणाऱ्यालाही फरक दिसतो, कारण 'दुहेरी'च्या अक्षरात एकच आकार दोनदा शेजारी शेजारी काढलेला असतो. दुहेरी असेल तर थर्मास असण्याची शक्यता. एकेरी असेल तर ती साधी पाण्याची बाटली, गरम चहा भरला तर हाताला चटका देणारी. १८५ रुपयांचा भाव बरोबर की फसवा, हे त्या एका झाकलेल्या अक्षरावर होतं.

थर्मासच्या पेटीवर बहुधा 'निर्वात' किंवा 'उष्णता टिकवणारा' असे शब्दही येतात:

```
真空
保温
```

या फोटोत ते कुठेच नव्हते. माझ्या मनात शंका आली ती तिथे. पण एखादा शब्द नाही म्हणून माल नाही, असं म्हणता येत नाही. लेबलं छापणारे आळस करतात.

## वजनाचं गणित

झाकलेलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडे उघडे होते. मी राजूभाऊंना दुकानातला काटा घ्यायला सांगितला.

पेटी वगळून वजन ८.२ किलो, नग ५०. भागाकार केला तर नगाला १६४ ग्रॅम. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी लागते. कारखाने 'पेटी वगळून' म्हणतात तेव्हा बहुतेकदा बाहेरचा मोठा खोका तेवढा वगळतात, आतली छोटी डबी धरूनच हे वजन असतं. नमुना ज्या पांढऱ्या डबीत आला होता ती भरली २४ ग्रॅम. म्हणजे लेबलाप्रमाणे बाटली सुमारे १४० ग्रॅमची.

मग नमुन्याची बाटली काट्यावर ठेवली. झाकणासकट २६४ ग्रॅम.

राजूभाऊ फोनवर क्षणभर बोललेच नाहीत. मग त्यांनी दुकानातल्या इतर बाटल्या एकेक करून ठेवल्या. आपल्याकडच्या एका कंपनीचा अर्ध्या लिटरचा थर्मास २७० ग्रॅम. पाऊण लिटरची एकेरी स्टीलची बाटली १३८ ग्रॅम. थर्मासमध्ये एकात एक अशा दोन स्टीलच्या भिंती असतात आणि मधली हवा काढून घेतलेली असते. म्हणून त्याला स्टील जवळजवळ दुप्पट लागतं. हे वजन लपवता येत नाही.

नमुन्यासारखे ५० नग डब्यांसकट भरले तर पेटी वगळून वजन १४.४ किलो यायला हवं. लेबलावर होतं ८.२. एका पेटीत सहा किलोंहून जास्त तूट.

मापाने काही कळतं का तेही पाहिलं. पेटी ४० बाय ४० बाय ५४. साडेसात सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटर उंच डब्या पाच बाय पाच अशा दोन थरांत रचल्या की ५० बसतात आणि कडेला थोडी जागा उरते. म्हणजे नगांचा आकडा खरा वाटत होता. पण त्याच डबीत अर्ध्या लिटरचा थर्मासही मावतो आणि पाऊण लिटरची एकेरी बाटलीही, कारण थर्मासची बरीच जागा दोन भिंतींमध्येच जाते. त्यामुळे माप दोघांनाही चालत होतं. वजन फक्त एकाला चालत होतं. मालाच्या नंबरातला ७५० हा आकडाही पाऊण लिटरकडे बोट दाखवत होता, पण कारखान्याच्या नंबरावरून आकारमान ठरवणं धोक्याचं असतं, म्हणून मी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. लेबलावरची वजनं प्रत्येक वेळी काट्यावर घेतलेली नसतात. पुष्कळ कारखाने पेटीसकट वजन एकदा घेतात आणि त्यातून एक-दीड किलो वजा करून दुसरा आकडा लिहितात. जुने खोके पुन्हा वापरलेलेही मी पाहिले आहेत. त्यामुळे पाच-दहा टक्के फरकाचं मला काही वाटत नाही. इथे फरक चाळीस टक्क्यांच्या वर होता.

## तिसरा पुरावा: बिलावरचा नंबर

लॉटवाल्याने कच्चं बिल पाठवलं होतं. मी राजूभाऊंना म्हटलं, पक्क्या बिलाचा नमुना मागा, एचएसएन नंबरासकट. तो आला आणि त्यावर मालाचं नाव 'स्टील बॉटल', नंबर ७३२३ ने सुरू होणारा.

जकातीच्या वर्गवारीत ७३२३ म्हणजे लोखंड-स्टीलची घरगुती भांडी. निर्वात थर्मासचं शीर्षक वेगळं आहे, ९६१७. हे पहिले चार आकडे जगभर सारखेच असतात. म्हणजे विकणाऱ्याच्या स्वतःच्या कागदावर हा माल थर्मास नव्हताच. बिल करणारा कारकून चुकू शकतो, हे खरं. पण वजन आणि नंबर एकाच दिशेला बोट दाखवत होते.

पांढऱ्या डबीवर बारकोडही होता, ६९ ने सुरू होणारा. पुतण्याने विचारलं, यावरून काही कळेल का? ६९० ते ६९९ हे आकडे बारकोड नंबर चीनमध्ये नोंदवला गेला एवढंच सांगतात. आत काय आहे आणि ते कुठे बनलं, हे त्यावरून ठरत नाही.

## पर्याय

त्या संध्याकाळी आमच्यासमोर चार वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे टोकन सोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. राजूभाऊंना ती पटत नव्हती. नमुना खरा थर्मास होता, मग पूर्ण लॉट खोटा कसा, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. दुसरी वाट लॉटवाल्याशी भांडायची. पण झाकलेल्या अक्षरावर आणि भागाकारावर भांडण टिकलं नसतं. तिसरी म्हणजे माल ट्रान्सपोर्टने मागवून घ्यायचा आणि इथे उघडायचा. मी त्याला स्पष्ट नकार दिला. पैसे गेल्यावर आणि पेट्या फुटल्यावर परतीची गोष्ट कुणी ऐकत नाही. चौथी वाट होती आधी चांगले फोटो मागायचे आणि मग स्वतः जाऊन पेट्या तोलायच्या.

आम्ही चौथी घेतली. मागे वळून पाहताना वाटतं, हा निर्णय बरोबर होता, पण त्यात चार दिवस उगाच गेले. त्याबद्दल पुढे येईलच.

## काय केलं

राजूभाऊंनी लॉटवाल्याला फोन केला. आवाज चढवला नाही. "भाऊ, माल घ्यायचाच आहे, पण संस्थेला दाखवायला फोटो नीट हवेत," असं म्हणाले. मग मी सांगितलेल्या गोष्टी त्यांनी एकेक करून मागितल्या.

फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. व्हॉट्सॲप साधा फोटो दाबून लहान करतं आणि बारीक चिनी अक्षरांच्या रेघा एकमेकांत मिसळून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तो मूळ आकारातच पोचतो. पेटीच्या चारही बाजू आणि पिवळी पट्टी सरकवून शेजारची बाजू पुन्हा. पेटीवर कागदाची एक चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर त्या दिवसाची तारीख आणि राजूभाऊंच्या दुकानाचं नाव. चिठ्ठीमुळे कळतं की फोटो आजचा आहे आणि माल खरंच त्याच्या गोडाऊनमध्ये आहे. एकाच थप्पीचे फोटो चार जण आपापला माल म्हणून फिरवताना मी पाहिले आहेत. शिवाय एक पेटी गोडाऊनच्या काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा फोटो. आयातीच्या कागदाचं मालाची यादी असलेलं पानही मागितलं, किमतीचा रकाना झाकून. विकणाऱ्याला आपला खरेदी भाव दाखवायचा नसतो आणि ते रास्तच आहे. म्हणून झाकायची सवलत आपणच द्यावी.

दोन दिवसांनी फोटो आले. पट्टी सरकवलेली होती. खालचं अक्षर 'एकेरी' होतं.

काट्याचा फोटोही आला, आणि त्याने आम्हाला चकवलं. पेटीचं वजन १५.८ किलो. लेबलापेक्षा सहा किलो जास्त, म्हणजे थर्मासच्या हिशेबाला अगदी जुळणारं. राजूभाऊ सुखावले. म्हणाले, "काका, लेबलच चुकलंय, आत थर्मासच आहे."

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. काट्यावरच्या पेटीची शेजारची बाजू फोटोत अर्धवट दिसत होती आणि तिच्यावरची नावाची ओळ आखूड होती. पाच-सहा अक्षरंच. पहिल्या पेटीवर नऊ होती. म्हणजे या दोन वेगळ्या मालाच्या पेट्या होत्या.

आता मुख्य मार्क्यातल्या पेटी नंबराचा अर्थ लागला. '६१ अप' असं छापलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की या मालाच्या पेट्या ६१ पासून पुढे आहेत. कुठपर्यंत, ते सांगितलेलं नसतं. '६१ ते ११०' असं असतं तर आकडा बांधलेला असता. शिवाय १ ते ६० मध्ये दुसरा काही माल होता, हेही त्यातून निघतं. एकाच मागवणाऱ्याच्या एकाच मार्क्याखाली तीन-चार प्रकारचा माल एका कंटेनरमध्ये येणं ही रोजची गोष्ट आहे. मार्का सारखा आहे म्हणून माल सारखा, असं समजायचं नसतं. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी राजूभाऊ पहाटेच्या एसटीने निघाले. सोबत गाठोडी तोलायचा हातात धरायचा हुकाचा काटा आणि एक वही. गोडाऊनमध्ये लॉटवाल्याने चहा पाजला आणि तोलायला हरकत घेतली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ३० पेट्या तोलून वहीत लिहायला पाऊण तास लागला.

२२ पेट्या साडेनऊ ते पावणेदहा किलोंच्या होत्या. ८ पेट्या पावणेसोळा ते सोळा किलोंच्या.

दोन्ही गटांतली एकेक पेटी उघडली. हलक्या पेटीत पाऊण लिटरची एकेरी बाटली. जड पेटीत नमुन्यासारखा थर्मास. लॉटवाला म्हणाला की त्याने स्वतः हा लॉट न उघडता घेतला होता आणि नमुना वरच्या पेटीतून काढला होता. ते खरं असू शकतं. थप्पीत जड पेट्या वर असण्याचं कारण मात्र त्याला सांगता आलं नाही.

## दुसरा निर्णय: आठ पेट्या घ्यायच्या का?

मी समजलो होतो की इथे प्रकरण संपेल. राजूभाऊंनी गोडाऊनमधूनच फोन केला: "आठ पेट्या तर खऱ्या आहेत. चारशे नग घेतो, बाकीचे दुसरीकडून जमवतो."

मी त्यांना बाटलीच्या बुडाचा आणि डबीच्या सगळ्या बाजूंचा फोटो काढायला सांगितला. बुडावर ३०४ हा स्टीलच्या प्रतीचा आकडा कोरलेला होता. डबी पूर्ण पांढरी, बारकोडाखेरीज काही नाही. आयएसआयची खूण कुठेच नव्हती.

स्टीलच्या निर्वात बाटलीसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७५२६, आणि पिण्याच्या पाण्याच्या धातूच्या बाटल्यांसाठी आयएस १७८०३. दोन्ही प्रकारांच्या बाटल्यांवर ही खूण सक्तीची करणारे गुणवत्ता नियंत्रण आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढले. कायद्यातली मनाई आयातदारापुरती नाही, विकणारा आणि साठवणाराही तिच्यात येतो. खूण असेल तर तिच्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना नंबर असतो आणि 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या मालाचा ते दिसतं. इथे तपासायला नंबरच नव्हता.

दुसरी उणीव डबीवरच्या माहितीची. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला लागतो. वैधमापन शास्त्राचे २०११ चे नियम तसं सांगतात. लॉटवाला म्हणाला, "स्टिकर मी लावून देतो." राजूभाऊंनी विचारलं, "कुणाच्या नावाचं?" त्यावर तो गप्प बसला. आयातीच्या कागदाचं पानही शेवटपर्यंत आलं नाही.

३०४ या कोरलेल्या आकड्याबद्दलही राजूभाऊंना आशा होती. कोरीव काम म्हणजे पुरावा नव्हे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०१ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. दुकानदार लोहचुंबक लावून बघतात, पण दोन्ही प्रकारांना चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्यातून काही ठरत नाही. बाजारात मँगनीज ओळखणारं थेंबांचं रसायन मिळतं, ते यापेक्षा बरं. आम्ही ती तपासणी केलीच नाही, कारण माल त्याआधीच बाद झाला होता.

राजूभाऊंचा जीव त्या आठ पेट्यांत अडकला होता, आणि मला ते समजत होतं. ४०० नगांवर त्यांना चाळीस हजारांच्या आसपास सुटणार होते. पण त्या बाटल्या गावातल्या चारशे घरांत, संस्थेचं आणि एका अर्थाने त्यांचं नाव घेऊन जाणार होत्या. ते रिकाम्या हाताने परत आले.

## निकाल

पतसंस्थेच्या सचिवांना राजूभाऊंनी सगळं सांगितलं. दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि वजनाची वही दाखवली. सचिवांनी मुदत दहा दिवस वाढवून दिली, भाव मात्र वाढवला नाही.

माल शेवटी देशी कारखान्याच्या वितरकाकडून घेतला. आयएसआय खुणेचा अर्ध्या लिटरचा थर्मास, नगाला २६२ रुपये. या वेळी क्रम उलटा होता. आधी परवाना नंबर ॲपमध्ये पाहिला, मग पेटीच्या लेबलाचा फोटो, मग नमुन्याचं वजन आणि भागाकार. टोकन सगळ्यात शेवटी. माल आल्यावर टेम्पोतून उतरवतानाच प्रत्येक पेटी तोलली. सगळ्या पेट्या एकमेकींच्या दोनशे ग्रॅमच्या आत होत्या.

पैशाचा हिशेब असा झाला. नगाला २८ रुपये सुटले, म्हणजे ४२,०००. त्यातून छपाईचे १२,००० आणि गाडीभाड्याचे ६,५०० गेले. उरले २३,५००. टोकनातले १२,००० लॉटवाल्याने दिवाळीनंतर परत केले आणि उरलेल्या ८,००० चे प्लास्टिकचे डबे दिले. ते अजून पूर्ण विकलेले नाहीत. १८५ च्या भावाने कागदावर दीड लाख दिसत होते.

## पुन्हा करायचं झालं तर

वजनाचा प्रश्न नमुना हातात आला त्याच दिवशी विचारायला हवा होता: "पेटीत किती नग आणि पेटीचं वजन किती?" विकणारा हे दोन आकडे फोनवर सहज सांगतो, कारण ट्रान्सपोर्टवाल्यालाही तेच सांगावे लागतात. नमुन्याचं वजन गुणिले नग केलं असतं तर टोकन जाण्याआधीच सगळं कळलं असतं. चिनी अक्षरांची गरजही पडली नसती.

माझी चूक दुसरी होती. मी काट्यावरच्या एका पेटीचा फोटो मागितला. कोणती पेटी तोलायची हे विकणाऱ्यावर सोडलं. मागायला हवं होतं ते असं: लेबल वाचता येईल अशी पेटी, काट्याचा आकडा आणि चिठ्ठी, तिन्ही एकाच फोटोत, आणि ती पेटी थप्पीच्या तळातली. आणखी एक. थप्पीच्या पहिल्याच फोटोत नीट पाहिलं असतं तर वरच्या रांगेतल्या पेट्यांवरची नावाची ओळ आखूड आहे हे तेव्हाच दिसलं असतं. मी तो फोटो मोठा करून पाहिलाच नव्हता, कारण माझं सगळं लक्ष झाकलेल्या अक्षरावर होतं.

आठ पेट्यांबद्दल राजूभाऊंचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, आयातदाराचं नाव मिळेपर्यंत आपण थांबायला हवं होतं, कदाचित कागद आला असता. मला वाटतं, कागद आला असता तरी बाटलीवर खूण नव्हती, आणि ती नंतर उमटवता येत नाही. तो हुकाचा काटा आता त्यांच्या गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगलेला असतो.